पाचवा इलेक्ट्रॉन मोकळा होतो, पण का?

बेसिक इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्याच प्रकरणात एक वाक्य हमखास भेटतं: सिलिकॉनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन, फॉस्फरसच्या बाहेरच्या कक्षेत पाच, चार बंधांत अडकतात, पाचवा मोकळा राहतो. वाक्य चुकीचं नाही. पण ते इतकं घाईत सांगितलं जातं की त्यातल्या प्रत्येक शब्दाभोवती एखादा गैरसमज चिकटतो आणि पुढे डायोड, ट्रान्झिस्टर शिकताना तोच नडतो. आपण एकच नमुना हातात धरू आणि हे गैरसमज एकेक करून सोडवू.

नमुना असा: सिलिकॉनच्या एका घनसेंटीमीटरमध्ये सुमारे 5 × 10²² अणू असतात. त्यात आपण फॉस्फरसचे 10¹⁶ अणू घातले. म्हणजे साधारण ५० लाख अणूंत फॉस्फरसचा फक्त एक. एवढ्याशा भेसळीने सिलिकॉनची रोधकता खोलीच्या तापमानाला दोन-तीन लाख ओहम-सेंटीमीटरवरून अर्ध्या ओहम-सेंटीमीटरच्या आसपास येते.

गैरसमज १: सिलिकॉनमध्ये फॉस्फरस मिसळला की डोपिंग झालं.

वस्तुस्थिती: फॉस्फरस स्फटिकात नुसता असून भागत नाही, तो सिलिकॉनच्या जागेवर बसावा लागतो. सिलिकॉनच्या स्फटिकात प्रत्येक अणूला चार शेजारी असतात आणि प्रत्येक शेजाऱ्याशी त्याचा दोन इलेक्ट्रॉनांचा एक सहसंयुज बंध असतो. एक सिलिकॉन अणू काढून त्याच ठिकाणी फॉस्फरस बसवला, तरच त्याचे चार इलेक्ट्रॉन चार शेजाऱ्यांशी बंध जुळवतात आणि पाचवा उरतो. फॉस्फरस अणू दोन जागांच्या मधल्या पोकळीत अडकला असेल, तर हा हिशोबच लागू होत नाही.

कारखान्यात हे स्पष्ट दिसतं. आयन इम्प्लांटेशन या पद्धतीत फॉस्फरसचे आयन हजारो व्होल्टने वेग देऊन वेफरवर मारले जातात. ते आत घुसतात, पण घुसताना वाटेतले सिलिकॉन अणू जागेवरून उडवतात आणि स्वतःही भलतीकडेच थांबतात. या अवस्थेत वेफर मोजला तर रोध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघतो. फॉस्फरस आत आहे, पण इलेक्ट्रॉन मिळत नाहीत. म्हणून त्यानंतर वेफर साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला तापवतात. याला अनीलिंग म्हणतात. उष्णतेने अणू हलतात, विस्कटलेली रचना पुन्हा जुळते, फॉस्फरस सिलिकॉनच्या जागी बसतो आणि रोध एकदम उतरतो.

गैरसमज २: पाचव्या इलेक्ट्रॉनला बंध नाही, म्हणून तो आपोआप मोकळा असतो.

वस्तुस्थिती: बंधात नसणं वेगळं आणि मोकळं असणं वेगळं. फॉस्फरसच्या केंद्रकात १५ प्रोटॉन असतात, सिलिकॉनच्या केंद्रकात १४. चार इलेक्ट्रॉन बंधांत गेल्यावर फॉस्फरसच्या जागी एक धन प्रभार जास्तीचा उरतो आणि तो पाचव्या इलेक्ट्रॉनला स्वतःकडे ओढत राहतो. एकटा, हवेतला फॉस्फरस अणू घेतला तर त्याचा सर्वांत सैल इलेक्ट्रॉन सोडवायला १०.४९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. सिलिकॉनमध्ये हेच काम ०.०४५ इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये होतं. सगळी खुबी या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

हा फरक दोन कारणांनी पडतो. पहिलं, धन प्रभार आणि इलेक्ट्रॉन यांच्यामध्ये सिलिकॉनचे असंख्य अणू आहेत. त्यांचे इलेक्ट्रॉन किंचित सरकतात आणि धन प्रभाराचं ओढणं बरंचसं झाकून टाकतात. सिलिकॉनचा पराविद्युत स्थिरांक ११.७ आहे, म्हणजे आकर्षणाचं बल तितक्या पटीने कमी होतं. दुसरं, स्फटिकातल्या आवर्ती रचनेत इलेक्ट्रॉन असा वागतो, जणू त्याचं वस्तुमान नेहमीच्या पाव भागाइतकंच आहे. याला परिणामी वस्तुमान म्हणतात.

आता हिशोब करून पाहू. एक धन प्रभार आणि त्याभोवती एक इलेक्ट्रॉन, ही रचना हायड्रोजनसारखीच आहे. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. बंधनऊर्जा पराविद्युत स्थिरांकाच्या वर्गाने भागली जाते आणि वस्तुमानाच्या प्रमाणात बदलते, म्हणून:

13.6 ÷ (11.7)² ≈ 0.1 eV
0.1 × ¼ ≈ 0.025 eV

प्रयोगात मिळालेला आकडा ०.०४५ आहे. आपलं गणित तंतोतंत जुळलं नाही, कारण केंद्रकाच्या अगदी जवळ मधे झाकायला सिलिकॉन अणू नसतात आणि तिथे ओढ जास्त असते. पण दहा इलेक्ट्रॉनव्होल्टवरून शतांशांत उतरण्याचं कारण मात्र या दोन ओळींत सापडतं.

ओढ इतकी सैल झाल्यामुळे पाचवा इलेक्ट्रॉन फॉस्फरसला चिकटून बसत नाही. त्याच्या कक्षेची त्रिज्या सुमारे २ नॅनोमीटर होते, तर दोन शेजारी सिलिकॉन अणूंमधलं अंतर ०.२३५ नॅनोमीटर आहे. म्हणजे त्या कक्षेच्या पोटात हजारभराहून जास्त सिलिकॉन अणू येतात. पुस्तकातल्या आकृतीत फॉस्फरसच्या अगदी शेजारी काढलेला तो एकटा ठिपका प्रत्यक्षात इतका पसरलेला असतो.

गैरसमज ३: खोलीच्या तापमानाची ऊर्जा ०.०४५ पेक्षा कमी आहे, म्हणून थोडेच इलेक्ट्रॉन सुटत असतील.

वस्तुस्थिती: ही शंका हुशार विद्यार्थ्यांना येते आणि तिचं उत्तर मिळणं गरजेचं आहे. 300 केल्व्हिनला kT ची किंमत ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे लागणाऱ्या ऊर्जेच्या निम्म्याहून जरा जास्त. तरीही आपल्या नमुन्यातले जवळजवळ सगळे पाचवे इलेक्ट्रॉन सुटलेले असतात. कारण प्रश्न फक्त ऊर्जेचा नाही, जागांचाही आहे.

इलेक्ट्रॉन फॉस्फरसपाशी राहिला तर त्याला एकच घर आहे. बाहेर पडला तर पूर्ण वहन पट्टा, म्हणजे कंडक्शन बँड, मोकळा आहे. खोलीच्या तापमानाला या पट्ट्यात दर घनसेंटीमीटरला वापरता येतील अशा सुमारे 2.8 × 10¹⁹ जागा असतात. फॉस्फरसचे अणू 10¹⁶. म्हणजे प्रत्येक फॉस्फरसमागे बाहेर २८०० जागा. फॉस्फरसपाशी इलेक्ट्रॉन दोन स्पिनांपैकी कोणत्याही एका स्पिनने राहू शकतो, म्हणून २८०० ला २ ने भागू: १४००. बाहेर पडायला ऊर्जा लागते, त्याची किंमत e^(−0.045/0.026) या गुणकाने मोजावी लागते. तो गुणक सुमारे ०.१८. गुणाकार येतो साधारण २५०. म्हणजे बांधलेल्या एका इलेक्ट्रॉनमागे सुटलेले सुमारे २५०. टक्केवारीत, ९९.६ टक्के फॉस्फरस अणूंनी आपला इलेक्ट्रॉन सोडलेला आहे. म्हणूनच आपण वर्गात बिनधास्त n ≈ N_D लिहितो.

पण ही सवलत खोलीच्या तापमानाची आहे. तोच नमुना द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे ७७ केल्व्हिनला नेला, की याच पद्धतीने केलेला हिशोब सुटलेले इलेक्ट्रॉन निम्म्याहून कमी दाखवतो. द्रव हीलियमच्या ४.२ केल्व्हिनला तर जवळपास सगळे पाचवे इलेक्ट्रॉन आपापल्या फॉस्फरसपाशी परततात आणि हाच वेफर वीज वाहून नेणं जवळजवळ थांबवतो. याला कॅरिअर फ्रीझ-आउट म्हणतात. पाचवा इलेक्ट्रॉन जन्मतःच मोकळा असता, तर थंडीने हे घडलंच नसतं.

गैरसमज ४: इलेक्ट्रॉन सुटला की मागे होल राहतो आणि एन-टाइप सिलिकॉन ऋण प्रभारित होतं.

वस्तुस्थिती: दोन्ही गोष्टी चूक आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. होल म्हणजे बंधातला इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर राहिलेली रिकामी जागा. शेजारच्या बंधातला इलेक्ट्रॉन त्या जागेत सरकतो, म्हणून होलही सरकतो. फॉस्फरसचा पाचवा इलेक्ट्रॉन कोणत्याही बंधात नव्हताच. तो गेल्यावर चारही बंध पूर्ण असतात, भरण्यासारखी जागाच उरत नाही. मागे राहतो तो धन आयन, स्फटिकात घट्ट रोवलेला. तो जागचा हलत नाही आणि प्रवाहात भाग घेत नाही.

प्रभाराचा हिशोबही सरळ आहे. फॉस्फरस अणू १५ प्रोटॉन आणि १५ इलेक्ट्रॉन घेऊन आला, म्हणजे शून्य प्रभार घेऊन आला. त्यातला एक इलेक्ट्रॉन स्फटिकात फिरू लागला म्हणून एकूण बेरीज बदलत नाही. एन हे अक्षर फिरणाऱ्या वाहकाची खूण सांगतं, तुकड्याच्या प्रभाराची नाही. आणि होल वाढत तर नाहीतच, उलट कमी होतात. समतोलात n × p = nᵢ² असतं. शुद्ध सिलिकॉनमध्ये nᵢ सुमारे 10¹⁰, म्हणून आपल्या नमुन्यात होल 10⁴ इतकेच उरतात, शुद्ध सिलिकॉनच्या दहा लाखांत एक.

हे प्रयोगशाळेत तपासता येतं. एन-टाइप वेफरवर मिलिव्होल्टवर लावलेल्या मल्टीमीटरची दोन टोकं टेकवा आणि त्यांपैकी धन टोक आधी सोल्डरिंग आयर्नने तापवून घ्या. गरम जागेचे इलेक्ट्रॉन थंड बाजूकडे पसरतात, गरम जागी रोवलेले धन आयन उघडे पडतात आणि मीटर धन आकडा दाखवतो. पी-टाइप तुकडा घेतला तर चिन्ह उलटं येतं. तुकडा एकूण तटस्थच आहे, प्रभार फक्त आतल्या आत सरकला आहे. पुढे पी-एन जंक्शनमध्ये डिप्लेशन थर शिकाल, तेव्हा तिथे विद्युत क्षेत्र तयार करणारे हेच अचल धन आयन भेटतील.

म्हणून परीक्षेत ‘पाचवा इलेक्ट्रॉन मोकळा राहतो’ एवढ्यावर थांबू नका. असं लिहा: फॉस्फरस सिलिकॉनच्या जागी बसतो, त्याचे चार इलेक्ट्रॉन बंधांत जातात, पाचवा स्फटिकामुळे अतिशय सैल बांधलेला राहतो, खोलीच्या तापमानाची उष्णता त्याला वहन पट्ट्यात सोडवते आणि मागे अचल धन आयन राहतो, होल नाही. हे पाच टप्पे क्रमाने लिहिले की उत्तर पूर्ण होतं.