थकलेले कर्ज आणि बँकेची तरतूद

व्यापारी बँकेच्या मुदत कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, की ते कर्ज अनुत्पादक ठरते. मग त्याचे व्याज प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत उत्पन्न म्हणून दाखविता येत नाही.

समजा, २०२३ साली थकलेल्या १० लाखांच्या कर्जाला ६ लाखांचे तारण होते. पहिल्या वर्षी १५ टक्के, म्हणजे दीड लाखाची तरतूद नफ्यातून करावी लागली. वर्ष उलटताच कर्ज ‘संशयित’ झाले. तारणाबाहेरचे ४ लाख पूर्ण आणि तारणातील ६ लाखांचे २५ टक्के धरून तरतूद साडेपाच लाखांवर गेली.

तरतूद म्हणजे कर्जमाफी नव्हे. वसुली चालूच राहते. परंतु नवे कर्ज देऊन जुना हप्ता भरून घेतला, तर हा तोटा झाकला जातो आणि ठेवीदाराला तो फार उशिरा कळतो.