दोन टोकं, एक स्पर्श

जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी 1834 मध्ये कंपासची दोन टोकं त्वचेवर टेकवून पाहिली. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरचं अंतरही कळतं. पाठीवर मात्र तीन-चार सेंटिमीटर अंतरावरची टोकंही एकच वाटतात.

कारण प्रत्येक स्पर्शतंतूचा त्वचेवर स्वतःचा इलाका असतो. बोटावर हे इलाके चिमुकले आणि दाटीचे, पाठीवर ऐसपैस. दोन्ही टोकं एकाच इलाक्यात पडली, की त्या तंतूकडून मेंदूला एकच खबर जाते.

स्थिर टोकांची खबर मुख्यतः मर्केल ग्राहक देतात. दाब असेपर्यंत ते संदेश धाडत राहतात. माइसनर ग्राहक स्पर्श सुरू होताना आणि सुटताना बोलतात, मधे गप्प.

चाचणी फसते ती इथेच. एक टोक क्षणभर आधी टेकलं, तर रुग्ण अंतरावरून नव्हे, वेळेवरून ‘दोन’ म्हणतो. म्हणून दोन्ही टोकं एकदम, हलकेच टेकवायची. अंदाज पकडायला मधूनच एकच टोक.