जाधव, Jadhao आणि पन्नास लाख कोटी जोड्या

साताऱ्याचे जाधव इंग्रजीत Jadhav लिहितात. विदर्भात तेच आडनाव कितीतरी घरांत Jadhao असं लिहिलं जातं. एकाच माणसाची दोन कागदांवर दोन रूपं झाली, तर वाचणाऱ्या कारकुनाला दोन क्षणांत कळतं की हा गडी एकच. पण यादी एक कोटी नावांची असेल आणि तीत दोनदा नोंदलेली माणसं शोधायची असतील, तर कारकून कामाचा नाही. गंमत म्हणजे नुसता संगणकही कामाचा नाही.

हिशेब करून बघा. एक कोटी नोंदींतली प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येकीशी ताडायची, तर सुमारे पन्नास लाख कोटी जोड्या होतात. संगणक सेकंदाला दहा लाख जोड्या तपासतो असं धरलं, तरी रात्रंदिवस काम करून एकोणीस महिने लागतील. त्यातल्या जवळजवळ सगळ्या जोड्या पाटील आणि डिसोझा यांची तुलना करण्याइतक्या निरर्थक असतात. म्हणून आधी कप्पे करायचे आणि मग फक्त एका कप्प्यातल्या नोंदी एकमेकींशी ताडायच्या. या क्षेत्रातली मंडळी त्याला ब्लॉकिंग म्हणतात. नोंद कुठल्या कप्प्यात जाणार हे नावावरून काढलेला एक छोटा कोड ठरवतो. एक कोटी नोंदी दहा हजार कप्प्यांत सारख्या विभागल्या, तर प्रत्येकात हजार येतात आणि एकूण जोड्या पाचशे कोटींच्या आत राहतात. एकोणीस महिन्यांचं काम दीड तासाच्या आत आटोपतं.

कोड काढण्याची सर्वांत जुनी प्रसिद्ध रीत संगणकाच्याही आधीची आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे तीच साउंडेक्स म्हणून ओळखली गेली. १९३०च्या दशकात तिथे म्हातारपणाचं निवृत्तिवेतन सुरू झालं, तेव्हा जन्मदाखला नसलेल्यांचं वय सिद्ध करायला जुन्या जनगणनेतली नावं शोधावी लागली. ती सूची या कोडनुसार कार्डांवर हातानं तयार केली गेली. रीत सोपी आहे. आडनावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं. पुढचे स्वर आणि h, w, y गाळायचे. उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या जवळिकीनुसार १ ते ६ यांपैकी आकडा द्यायचा: b, f, p, v यांना १, d आणि t यांना ३, m आणि n यांना ५, असं. सारखे आकडे लागून आले तर एकच धरायचा, आणि तीन आकडे झाले की थांबायचं. कमी पडले तर पुढे शून्य. व्यंजनांना उच्चारस्थानानुसार वर्गांत बसवणं आपल्याला पहिलीच्या बाराखडीपासून माहीत आहे, रसेलना ते रोमन लिपीवर बाहेरून चढवावं लागलं.

आता आपली नावं त्यातून काढून पाहू. Dixit आणि Dikshit, दोघांचा कोड D230. शाब्बास. Bhosale आणि Bhosle, दोन्ही B240. पण Jadhav चा कोड J310 येतो आणि Jadhao चा J300, कारण एकात v आहे आणि दुसऱ्यात नाही. Chavan होतो C150, पण Chawan होतो C500, कारण w गाळला जातो. म्हणजे ज्या दोन नोंदी एकत्र यायला हव्यात त्या वेगळ्या कप्प्यांत पडतात. उलट Patil आणि Patel दोघेही P340 मध्ये शेजारी बसतात. ही दुसरी चूक मला फारशी त्रासदायक वाटत नाही. एकत्र आलेल्या परक्या नोंदी पुढच्या बारीक तुलनेत वेगळ्या काढता येतात. पण जी जोडी एका कप्प्यात आलीच नाही, तिची तुलनाच होत नाही आणि कुठे नोंदही उरत नाही.

कप्पे सारखे भरत नाहीत, हा दुसरा त्रास. समजा एकट्या P340 मध्ये पाच लाख नोंदी आल्या, तर त्या एका कप्प्यातच साडेबारा हजार कोटी जोड्या होतात. बाकी सगळं दीड तासात संपलं तरी पाटलांचा कप्पा सुमारे पस्तीस तास चालत बसेल. उपाय म्हणून कोडाला जन्मवर्ष जोडतात. तो कप्पा ऐंशी वर्षांत सारखा वाटला गेला, तर काम अर्ध्या तासाच्या आत येतं. आणि त्या बदल्यात, ज्यांचं जन्मवर्ष एका कागदावर चुकलंय, ते निसटतात. कप्पा जितका बारीक करावा तितकी निसटण्याची जागा वाढते. फुकट काही मिळत नाही.

म्हणून जाणकार एका कोडावर विसंबत नाहीत. कप्पे दोनतीन वेगवेगळ्या रीतींनी करतात आणि कुठल्याही एका फेरीत भेटलेली जोडी तपासायला घेतात. पहिल्या फेरीत आडनावाचा कोड आणि जन्मवर्ष, दुसरीत पहिल्या नावाचा कोड आणि पूर्ण जन्मतारीख. समजा सुनीता जाधव लग्नानंतर सुनीता शिंदे झाली. आडनावाचा कोड J310 वरून S530 वर गेला, पहिल्या फेरीत तिच्या दोन नोंदी भेटणं अशक्य. दुसऱ्या फेरीत त्या भेटतील, जन्मतारीख दोन्हीकडे तीच असेल तर. आता इथे आपल्याकडचा एक खास खड्डा आहे: १ जून. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या तारखेचे कप्पे फुगतात, आणि तिच्या जोरावर दोन वेगळ्या सुनीता एकच वाटू शकतात.

कोडांच्या कप्प्यांऐवजी सगळी यादी क्रमानं लावून प्रत्येक नोंद फक्त पुढच्या नऊ नोंदींशी ताडायची, अशीही रीत आहे. एक कोटी नोंदींना सुमारे नऊ कोटी तुलना पुरतात. पण पहिलंच अक्षर चुकलं, Vaidya चं Waidya झालं, की नोंद यादीत कुठल्या कुठे जाते. तिथेही वेगवेगळे क्रम लावून फेऱ्या कराव्याच लागतात.

किती जोड्या निसटल्या हे कळायचं कसं? ज्या जोड्या एकाच माणसाच्या आहेत हे हातानं तपासून पक्कं झालंय, अशा हजारभर घ्यायच्या आणि त्यातल्या किती एका तरी कप्प्यात एकत्र येतात ते मोजायचं. खरं शिकायला मिळतं ते न आलेल्यांकडे पाहून. तिथे आडनाव बदललेल्या बायका भेटतात, v-w च्या फरकात अडकलेले चव्हाण भेटतात, आडनाव आधी की नाव आधी यात उलटेपालटे झालेले भेटतात. म्हणजे निसटणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. एकूण टक्केवारी चांगली दिसली तरी ती मला पुरेशी वाटत नाही. बायकांची वेगळी काढून पाहावी.

कॅनडातल्या हॉवर्ड न्यूकोंब या आनुवंशिकीच्या अभ्यासकाला हे फार आधी उमगलं होतं. त्याला ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या जन्मनोंदी आईवडिलांच्या विवाहनोंदींशी जुळवायच्या होत्या. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात त्यानं एका आडनावावर भिस्त ठेवली नाही. नवऱ्याचं आडनाव आणि बायकोचं माहेरचं आडनाव, दोन्हींचे साउंडेक्स कोड जोडून त्यानं नोंदी लावल्या. दोन आडनावांची जोडी एखाद्या आडनावापेक्षा कितीतरी दुर्मीळ, त्यामुळे कप्पे आपोआप लहान झाले, आणि लग्नानं बाईचं आडनाव बदललं तरी काही बिघडलं नाही. त्याला हे जमलं, कारण दोन्ही दाखल्यांवर माहेरचं आडनाव लिहिलेलं होतं. आपल्या मतदार यादीत बाईच्या नावाबरोबर वडिलांचं किंवा पतीचं नाव असतं. माहेरच्या आडनावाला वेगळा रकाना नाही.