सरासरीचे तारे आणि अभिप्रायांचे वजन

घरी नवा मिक्सर घ्यावयाचा आहे असे समजू या. खरेदीच्या संकेतस्थळावर ‘अधिक तारे प्रथम’ असा क्रम निवडला, की यादीच्या अग्रभागी एक अपरिचित मिक्सर दिसतो. त्याची सरासरी ५.० असते. मात्र बारीक अक्षरांत पाहिले, तर अभिप्राय केवळ एक! त्याच यादीत बऱ्याच खाली दुसरा मिक्सर असतो. त्याची सरासरी ४.२ असली, तरी ती ४०० ग्राहकांच्या अभिप्रायांवरून निघालेली असते. अंकगणित चुकलेले नाही. तरीही हा क्रम स्वीकारण्यास मन धजत नाही, आणि मनाची ही शंका रास्तच आहे.

एखाद्या साधारण बऱ्या वस्तूला दर दहा ग्राहकांपैकी चार जण पाच तारे देतात, असे धरू. अशा शंभर वस्तूंना प्रत्येकी एकच अभिप्राय मिळाला, तर त्यांतील सुमारे चाळीस वस्तूंची सरासरी पूर्ण पाच दिसेल. प्रत्येकीला पाच अभिप्राय मिळाले, तर पाचही जणांनी पाच तारे दिल्याचा योग शंभरांत जेमतेम एका वस्तूच्या वाट्याला येईल. वस्तू त्याच, ग्राहकांचा स्वभावही तोच. बदलली ती केवळ अभिप्रायांची संख्या. म्हणून नुसत्या सरासरीवर लावलेल्या यादीच्या डोक्यावर उत्तम वस्तूंपेक्षा कमी अभिप्रायांच्या वस्तूच गोळा होतात. यादीच्या तळाशीही हाच प्रकार घडतो. पहिल्याच ग्राहकाची नाराजी ओढवलेली वस्तू तेथे एक तारा घेऊन बसलेली असते.

यावरील उपाय साधा आहे. प्रत्येक वस्तूच्या खात्यावर प्रारंभीच काही काल्पनिक अभिप्राय जमा धरावयाचे, आणि त्यांची किंमत त्या प्रकारच्या सर्व वस्तूंच्या सरासरीइतकी ठेवावयाची. आपल्या उदाहरणात सर्व मिक्सरांची सरासरी ३.९ आहे आणि काल्पनिक अभिप्राय २० आहेत, असे मानू. त्यांचे तारे झाले ७८. पहिल्या मिक्सरचे ५ तारे त्यांत मिळवून २१ ने भागले, की सरासरी सुमारे ३.९५ येते. दुसऱ्याचे ४०० अभिप्रायांचे १,६८० तारे मिळवून ४२० ने भागले, तर ४.१९ येते. एकुलत्या अभिप्रायाची झळाळी ओसरली. चारशे जणांच्या मतास मात्र धक्काही लागला नाही.

येथे केवळ संख्येचीच सरशी होते, असा समज होऊ नये. तिसऱ्या मिक्सरला ४० अभिप्राय आणि ४.६ सरासरी असेल, तर त्याचे १८४ तारे अधिक ७८, भागिले ६०, असा हिशेब होऊन ४.३७ येते. तो चारशे अभिप्रायांच्या मिक्सरच्याही वर जातो. पुरेसा पुरावा असेल, तर गुणवत्तेला तिचे स्थान मिळते.

या विचाराचे मूळ इंग्लंडमधील धर्मोपदेशक थॉमस बेझ यांच्या निबंधात आहे. तो त्यांच्या निधनानंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीची अटकळ नव्या पुराव्याने क्रमाक्रमाने कशी सुधारावी, हे त्यात मांडले होते. ‘आयएमडीबी’ या चित्रपटविषयक संकेतस्थळाने आपल्या सर्वोत्तम २५० चित्रपटांच्या यादीसाठी याच धर्तीचे सूत्र जाहीर केले होते. त्यामुळे मूठभर चाहत्यांनी दहापैकी दहा गुण दिलेला चित्रपट लाखो मतांच्या चित्रपटास मागे टाकू शकत नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. काल्पनिक अभिप्राय किती धरावयाचे, हा विवेकाचा प्रश्न आहे. वीसऐवजी दोनशे धरले, तर आपल्या तिसऱ्या मिक्सरची सरासरी ४.०२ वर घसरते आणि चारशे अभिप्रायांचा मिक्सर ४.१० घेऊन पुढे जातो. फार मोठा आकडा नव्या, चांगल्या वस्तूची वाट अडवतो, तर फार लहान आकडा जुना दोष परत आणतो. शिवाय पैसे देऊन लिहविलेले शेकडो अभिप्राय हे सूत्र ओळखू शकत नाही. सरासरीच्या पोटात दडलेली फूटही त्याला दिसत नाही. चारशेपैकी ३२० जणांचे पाच तारे आणि ८० जणांचा एक तारा असला, तरी सरासरी ४.२ च येते. पण अशा मिक्सरची दर पाचांतील एका घरी पुरती निराशा झालेली असते.

म्हणून वाचकहो, संकेतस्थळ कोणतेही सूत्र वापरो, सरासरीशेजारची अभिप्रायांची संख्या आधी पाहावी. थोडे अभिप्राय असतील, तर मनातल्या मनात वीस साधारण अभिप्राय मिळवून हिशेब करावा. आणि खरेदीपूर्वी एका ताऱ्याचे चार अभिप्राय अवश्य वाचावेत. मोटर जळाल्याची तक्रार त्यांत पुन्हापुन्हा आढळली, तर तारे कितीही असोत, तो मिक्सर दुकानातच राहू द्यावा.