राजीनाम्यानंतरचे कर्तव्य

एखादे औषध दोन वर्षे टिकेल, असे पाकिटावर छापण्याआधी कंपनीला ते सिद्ध करावे लागते. गोळ्या ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत ठेवायच्या, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात बाहेर काढून त्यातला औषधी अंश मोजायचा. रॅनबॅक्सीच्या काही औषधांच्या बाबतीत या चाचण्यांच्या नोंदी खोट्या होत्या. महिन्यांच्या अंतराने करायच्या चाचण्या एकाच दिवशी किंवा काही दिवसांतच उरकल्या होत्या आणि काही नमुने चक्क फ्रिजमध्ये ठेवले होते. हे सारे पुढे अमेरिकेतल्या खटल्यात नोंदले गेले. मे २०१३मध्ये कंपनीच्या अमेरिकी शाखेने गुन्हा कबूल केला आणि दंड व तडजोडीपोटी एकूण ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

हे उघडकीला आणण्यात मोठा वाटा होता दिनेश ठाकूर यांचा. अमेरिकेतली नोकरी सोडून २००३मध्ये ते गुडगावला रॅनबॅक्सीत रुजू झाले. २००४मध्ये त्यांचे वरिष्ठ राजिंदर कुमार यांनी त्यांना कंपनीच्या जुन्या नोंदी तपासायला सांगितले. अनेक देशांत विकल्या जाणाऱ्या औषधांच्या आकडेवारीला खरा आधारच नव्हता, असे त्या तपासणीत दिसले. कुमारांनी हा अहवाल संचालकांच्या समितीपुढे ठेवला आणि पुढे कंपनी सोडली. २००५मध्ये ठाकूरही बाहेर पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःचे नाव लपवून अमेरिकेच्या औषध नियामकाला, म्हणजे एफडीएला, लिहिले.

नीतिशास्त्राच्या दृष्टीने या कथेतले महत्त्वाचे महिने आहेत ते राजीनामा आणि त्या पत्रामधले. खोट्या कागदांशी त्यांचा संबंध तोवर संपला होता. मग बोलायचे कशासाठी?

उपयुक्ततावाद, म्हणजे बेंथम आणि मिल यांची परंपरा, या प्रश्नाचा हिशेब मांडते. ज्या कृतीने सर्वांचे मिळून जास्तीत जास्त भले होते, ती योग्य. गप्प राहण्याच्या बाजूला मोजण्यासारखे बरेच आहे: घरची सुरक्षितता, हजारो कामगारांच्या नोकऱ्या आणि स्वस्त औषधांवर जगणारे गरीब देशांतले रुग्ण. आरोपामुळे भारतीय जेनेरिक औषधांवरचा विश्वासच उडाला, तर सर्वाधिक फटका याच रुग्णांना बसणार. हा मुद्दा कंपनीची बाजू म्हणून झटकून टाकता येत नाही.

दुसऱ्या बाजूला तेच रुग्ण आहेत. रॅनबॅक्सी आफ्रिकेसाठी एड्सची औषधे पुरवत होती. या औषधाचा अंश कमी पडला, तर विषाणू पुरता दबत नाही. तो औषधाला दाद न देणारे रूप घेऊ शकतो आणि तोच विषाणू दुसऱ्याला लागू शकतो. त्यामुळे हानी एका माणसापाशी थांबत नाही. मात्र नोंद खोटी म्हणजे गोळी निकामीच, असे म्हणता येत नाही. गोळी चांगली की वाईट हे कोणालाच ठाऊक नाही, एवढेच खोट्या नोंदीवरून कळते. म्हणून उपयुक्ततावाद्याला शक्यता मोजाव्या लागतात. निकामी औषधाची शक्यता कमी धरली, तरी लाखो रुग्ण आणि जिवावरचे नुकसान यांनी तिला गुणले की पारडे बोलण्याकडे झुकते.

हाच हिशेब कोणाला सांगायचे हेही ठरवतो. ज्याला सांगून काही बदलणार नाही, त्याला सांगून धोका तेवढा वाढतो. एफडीए कारखान्यांची तपासणी करू शकत होती, आयात रोखू शकत होती. २००८मध्ये तिने पाँटा साहिब आणि देवास इथल्या कारखान्यांतून येणाऱ्या तीसहून अधिक औषधांची आयात खरोखरच रोखली. पण पत्र लिहिताना हे काहीच दिसत नव्हते. पत्रापासून गुन्ह्याच्या कबुलीपर्यंत जवळपास आठ वर्षे गेली. या विचारपद्धतीची मर्यादा इथे आहे: ज्या परिणामांवर निवाडा टेकतो, ते निर्णयाच्या क्षणी हातात नसतात.

कर्तव्यवाद परिणामांची वाट पाहत नाही. कांटची कसोटी अशी की, आपण ज्या नियमाने वागतो तो सगळ्यांनी पाळला तर टिकेल का, हे पाहावे. 'सोयीचे असेल तेव्हा चाचणीचे आकडे बनवावेत' हा नियम सर्वांनी पाळला, तर चाचणीच्या कागदावर कोणी विश्वासच ठेवणार नाही आणि आकडे बनवण्याचा हेतूही साधणार नाही. शिवाय गोळी गिळणारा रुग्ण या फसवणुकीला संमती देऊच शकत नाही, कारण त्याला ती ठाऊक नाही. तो निव्वळ साधन ठरतो. गोपनीयतेच्या कराराने हे बदलत नाही. कंपनीची सूत्रे आणि योजना गुप्त ठेवण्याचे वचन नोकराला बांधते, पण तिसऱ्याची फसवणूक झाकण्याचे वचन बांधू शकत नाही.

अडचण पुढे येते. खोटे न बोलणे हे कांटच्या मते पक्के कर्तव्य आहे. दुसऱ्याला मदत करणेही कर्तव्यच, पण ती कधी, कोणाला आणि किती करायची यात माणसाला मोकळीक असते. राजीनामा दिलेला माणूस खोट्या कागदावर सही करत नाही. मौन म्हणजे खोटे बोलणे नव्हे. म्हणजे निव्वळ कांटच्या आधारे 'ठाकूरांनी बोललेच पाहिजे' असे ठामपणे म्हणता येत नाही.

ही फट बुजवण्याचे दोन चांगले प्रयत्न आहेत. मायकेल डेव्हिस सहभागावर बोट ठेवतात. ज्या संस्थेच्या कामाला आपण हातभार लावला, तिच्या फसवणुकीत मौनानेही आपला वाटा राहतो, म्हणून तो मोडण्यासाठी बोलावे. ठाकूरांनी आकडे बनवले नव्हते, पण त्यांचे खोटेपण सिद्ध करणारा अहवाल त्यांच्याच हातून तयार झाला होता. रिचर्ड डी जॉर्ज पायऱ्या सांगतात. जनतेला गंभीर धोका असेल, वरिष्ठांना सांगून झाले असेल आणि आतले सारे मार्ग संपले असतील, तर बाहेर बोलणे योग्य. त्याशिवाय पुरावा हाती असेल आणि बोलून धोका टळेल असे मानायला सबळ कारण असेल, तर बोलणे बंधनकारक. ठाकूरांच्या बाबतीत पहिल्या चार अटी स्पष्टपणे पुऱ्या होतात. पाचवी एफडीएच्या अधिकारांमुळे पुरी होते.

पाचवी अट परिणामांविषयी आहे, हे लक्षात घ्यायला हवे. कर्तव्याने सुरू झालेला युक्तिवाद शेवटच्या पायरीवर उपयुक्ततावादाची मदत घेतो. या पेचात मला दोन्ही पद्धतींची कामे वेगळी दिसतात. फसवणुकीत राहू नये हे कर्तव्य सांगते. बाहेर पडल्यावर स्वस्थ का बसू नये आणि कोणाकडे जावे, हे रुग्णांचा हिशेब सांगतो.

बक्षिसाचा प्रश्न उरतो. अमेरिकी कायद्यानुसार ठाकूरांना सुमारे ४.८ कोटी डॉलर मिळाले. उपयुक्ततावाद्याला यात गैर वाटत नाही, कारण त्यामुळे पुढचा माणूस बोलायला धजेल. कांटच्या दृष्टीने मात्र पैशासाठी केलेल्या कृतीला नैतिक मोल नाही. इथे क्रम पाहावा. पत्र २००५चे आणि दावा २००७चा. निर्णय आधी झाला, मोबदल्याचा मार्ग नंतर आला.

आपल्याकडे 'व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन' कायदा २०१४मध्ये संमत झाला, पण तो अमलात आणलेला नाही. तो आहेही सार्वजनिक सेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी. खासगी औषध कंपनीतला रसायनतज्ज्ञ त्याच्या कक्षेत येत नाही. डी जॉर्ज यांची पाचवी अट अशा माणसासाठी पुरी होणे अवघड आहे आणि ती पुरी होत नसेल, तर त्याच्या मौनाला दोष देण्याचा आपला अधिकारही तोकडा पडतो. बोलणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा अमलात आणणे हे सरकारचे आणि त्याचा आग्रह धरणाऱ्या नागरिकांचे कर्तव्य आहे. आधी ते पार पडले पाहिजे, मगच त्या रसायनतज्ज्ञाकडून धैर्याची अपेक्षा करता येईल.