गोल चेहरा, सेल्फी आणि हेअरकट

हेअरकट ठरवताना तुम्ही स्वतःचा सेल्फी आणि आवडलेला फोटो शेजारी ठेवून बघता. पण दोन्ही फोटो सारख्याच अंतरावरून काढलेत का? बहुधा नाही, आणि घोळ इथेच होतो.

कॅमेऱ्याच्या जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. समजा, तुमचा चेहरा कपाळावरच्या केसांपासून हनुवटीपर्यंत १६ सेंमी लांब आणि गालांपाशी १४.४ सेंमी रुंद आहे. रुंदी भागिले लांबी ०.९, म्हणजे चेहरा गोल. गालांची सर्वांत रुंद जागा चेहऱ्याच्या पुढच्या भागापेक्षा ६ सेंमी मागे धरू. फोन ३० सेंमीवर असेल तर ती रुंदी १४.४ × ३०/३६, म्हणजे १२ सेंमीच भासते. गुणोत्तर थेट ०.७५! गोल चेहरा लांबट दिसतो. दीड मीटरवरून मात्र तीच रुंदी सुमारे १३.८ सेंमी दिसते.

म्हणून केस मागे बांधा, फोन डोळ्यांच्या उंचीवर दीड मीटर लांब ठेवा, टायमर लावा आणि त्या फोटोत मोजा.

आता आवडलेल्या फोटोत एवढंच बघा: केस कुठे संपतात? गालांपाशी संपणारा बॉब गोल चेहरा आणखी रुंद दाखवतो. हनुवटीखाली सुरू होणारे लेयर्स नजर खाली नेतात. केस कुरळे असतील तर लांबी जास्त ठेवायला सांगा. ओली असताना हनुवटीखाली आलेली बट सुकल्यावर आखडून गालावरच थांबते.