आधी पानठेला, मग शपथ

गडचिरोलीत खर्रा घोटण्याचा आवाज शाळेच्या घंटेइतका ओळखीचा आहे. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घासत राहायचं, की झाली पुडी तयार. या खर्ऱ्यावर आणि दारूवर काम करण्यासाठी २०१६ मध्ये ‘सर्च’ संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ सुरू केलं. जनजागृती, गावाची कृती, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार ही चारही कामं त्यात एकत्र आहेत. त्यामागचं कारण एखाद्या गावातल्या आशाताईचं काम पाहिलं की कळतं.

समजा, गाव १८० घरांचं आहे. पानठेले चार, त्यातला एक जिल्हा परिषद शाळेच्या कुंपणाला लागून. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ फॉर्म भरते. त्यात तंबाखूचा प्रश्न असतो: कधीच नाही तर शून्य गुण, पूर्वी किंवा अधूनमधून असेल तर एक, रोज असेल तर दोन. याच फॉर्मवरून तिच्या हाती गावाची यादी येते. फॉर्म भरताना ती तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हेही करून पाहायला सांगते. सुपारीमुळे गालांच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. ज्याची दोनच बोटं आत जातात, त्याला भाषण द्यावं लागत नाही. त्याला दवाखान्यात पाठवायचं असतं.

यानंतर बहुतेक गावं एक चूक करतात. ग्रामसभा भरते, सगळे हात पुढे करून शपथ घेतात, फोटो निघतात. सभा सुटते तेव्हा घराच्या वाटेवर चारही पानठेले उघडे असतात. तंबाखू सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत कठीण जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही. तलफ मात्र दहाएक मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात पुडी हाताशी नसली, तर माणूस निभावून नेतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: शपथ नंतर घ्यावी, आधी दुकानं पाहावीत.

पाहायचं काय, तेही ठरलेलं आहे. शैक्षणिक संस्थेच्या हद्दीपासून १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला तो विकणं गुन्हा आहे आणि तसा ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक दुकानात लागतो. बहुतेक खर्ऱ्यात पडणाऱ्या सुगंधित तंबाखूवर तर राज्यात बंदीच आहे. २००३ च्या तंबाखू कायद्यात मुलांना विकल्याबद्दलचा दंड जेमतेम २०० रुपये आहे. पण बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली मुलाला तंबाखू दिल्याबद्दल सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम समजावून सांगितलं की दुकानदाराचा सूर बदलतो.

आशाताईने मात्र एकटीने जाऊ नये. दुकानदार कधी तिचा दीर असतो, कधी ती विधवा शेजारीण असते, जिचं घर त्या पुड्यांवर चालतं. दंड करण्याचा अधिकारही आशाताईला नाही. बचत गटाच्या बाया, पोलीस पाटील, शिक्षक आणि सरपंच मिळून चारही दुकानांत एकाच दिवशी जातात, तेव्हा गोष्ट गावाची होते. एकच दुकान बंद केलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि बंद करणारा चिडतो. “मी बंद केलं तं पोरं बाजूच्या गावातून आणतेत नं, ताई,” ही तक्रार खरी असते. त्यासाठी शेजारच्या गावाशीही बोलावं लागतं. विधवा बाईच्या दुकानात बिस्किटं, भाजी, शाळेचं सामान ठेवायला बचत गटाचं कर्ज मिळालं, तरच तिचा होकार टिकतो.

दुकानदार पुडी गल्ल्याखाली ठेवतो, तेव्हा तपासणीत काहीच सापडत नाही. अशा वेळी शाळेमागच्या रिकाम्या पन्न्या दर सोमवारी मोजाव्यात. पन्न्या कमी झाल्या नाहीत, तर विक्री चालू आहे.

मग शपथ. ती ठरलेल्या तारखेची आणि एकेकट्याची असावी, आणि आशाताईने पहिल्या आठवड्यात दोनदा तरी घरी जावं. तोंडात काहीतरी हवंच असेल तर बडीशेप किंवा आवळा चालतो. सुपारी चालत नाही, कारण तंबाखू नसली तरी तिने कॅन्सर होतो. मशेरी लावणाऱ्या काकू बहुधा सांगतात, “लावली नाही तर पोट साफ होत नाही.” त्यांना सकाळी कोमट पाणी आणि आठवडाभराचा धीर लागतो. कोणी पुन्हा सुरू केलं तर चारचौघांत नाव घेऊ नये. ते नाव यादीत राहू द्यावं आणि नवी तारीख ठरवावी.

तुमच्या घरात कोणी सोडायच्या विचारात असेल, तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आजच लावून द्या.